मार्चमधली मिरची

तिखटाच्या छोट्या कारखान्याचं बजेट खपापासून मांडावं. महिन्याला १८ क्विंटल तिखट खपतं असं धरू. देठ आणि वाळवणीत शंभर किलोमागे दहा किलो घट धरली, तर २० क्विंटल मिरची लागेल. २०० रुपये किलोने चार लाख. हंगामात भाव उतरतो म्हणून मार्चमध्येच सहा महिन्यांची मिरची भरली, तर २४ लाख गोदामात अडकतात. वर दुकानदारांची दीड महिन्याची उधारी. बँक मात्र खेळत्या भांडवलाचं कर्ज बहुधा वार्षिक उलाढालीच्या वीस टक्के देते, म्हणजे ६५ लाखांवर १३ लाख. त्यामुळे दोनच महिन्यांची मिरची भरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. आठ लाख तिच्यात जातील, उरलेले पाच उधारीला आणि मजुरीला पुरवावे लागतील.