पंच बदलला की कार्डांचा भाव किती हलावा?

9 डिसेंबर 2022 च्या नेदरलँड्स-अर्जेंटिना विश्वचषक सामन्यात स्पॅनिश पंच मातेऊ लाओस यांनी कार्डांचा वर्षाव केला. प्रशिक्षक स्कालोनींनाही पिवळे कार्ड मिळाले. अशा पंचाचे नाव जाहीर होताच अनेकजण ‘जास्त कार्डां’वर पैसे लावतात. माझ्या मते तिथेच गफलत होते.

समजा, एका पंचाची 20 सामन्यांची सरासरी 5.2 कार्डे आहे आणि लीगची 4. पण कडक पंचाला चुरशीचे सामने अधिक मिळतात. त्या संघांकडून तशीही 4.4 कार्डे अपेक्षित असतील, तर पंचाचा स्वतःचा वाटा 18 टक्केच उरतो. वीस सामन्यांत नशिबाचाही हात असतो, म्हणून त्यातला निम्माच, 9 टक्के, धरावा. मग 4.2 चा अंदाज 4.6 होतो आणि पाच किंवा अधिक कार्डांची शक्यता साधारण 41 वरून 49 टक्क्यांवर जाते.

खेळाडूच्या बाबतीत फरक आणखी लहान. 20 टक्के शक्यता जेमतेम 22 होते. इथे पंच कार्ड कशासाठी काढतो, हे बघायलाच हवे. हुज्जत आणि वेळकाढूपणासाठी काढत असेल, तर सतत पाय घालणाऱ्या मिडफिल्डरची शक्यता फारशी वाढत नाही. कर्णधार, गोलरक्षक यांची वाढते. फाउल भरपूर देणारा पंचही कार्डे राखून ठेवू शकतो, म्हणून दर फाउलमागे किती कार्डे, हा आकडा वेगळा काढावा. डगआउटमधली कार्डे मात्र बऱ्याच बाजारांत मोजलीच जात नाहीत.