वीज गेली तरी इंटरनेट चालू : ग्रामपंचायत कार्यालयातील एक हिशेब

वीज गेली की ग्रामपंचायत कार्यालयातील संगणक बंद पडत नाही, कारण त्याच्यासाठी बहुधा इन्व्हर्टर किंवा यू.पी.एस. बसविलेला असतो, बंद पडते ते इंटरनेट. दाखल्याचा अर्ज अर्धवट भरलेला असतो आणि समोरचा ग्रामस्थ ताटकळत राहतो. ‘लाईन गेली’ असे आपण म्हणतो. वस्तुतः लाईन गेलेली नसते. भिंतीवरील फायबरची पेटी आणि तिच्या शेजारचा राउटर यांना वीज मिळत नाही, एवढेच घडलेले असते.

फायबर म्हणजे काचेचा तंतू. त्यातून वीज नव्हे, तर प्रकाश वाहतो. गावोगावी पोहोचलेल्या पद्धतीत केंद्रापासून आपल्या भिंतीपर्यंतच्या वाटेवर प्रकाश विभागणारे जे साधन असते, त्यास वीज लागतच नाही. म्हणून केंद्रात बॅटरी अथवा जनित्र असेल आणि आपल्या पेटीला वीज मिळत राहील, तर मधले सारे गाव अंधारात असतानाही संदेशवहन चालू राहते. काही ठिकाणी मात्र स्थानिक केबलचालकाने खांबावर विजेवर चालणारे स्विच बसविलेले असते. तेथे आपण घरात कितीही बॅटरी ठेवली तरी उपयोग होत नाही. हे ओळखण्याची खूण पेटीवरच आहे. वीज गेल्यावर बॅटरीवर चाललेल्या पेटीचा ‘पी.ओ.एन.’ दिवा स्थिर हिरवा राहिला, तर वाट मोकळी आहे; ‘एल.ओ.एस.’ हा तांबडा दिवा लुकलुकू लागला, तर पलीकडून प्रकाश येणेच थांबले आहे. खर्च करण्यापूर्वी कोणाचे तरी इन्व्हर्टर तासभर मागून आणून एवढी परीक्षा अवश्य करून घ्यावी.

आता हिशेब. एका कार्यालयात फायबरची पेटी व राउटर अशी दोन उपकरणे होती. दोन्हींच्या ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट, १ अँपिअर असे छापलेले होते, म्हणजे प्रत्येकी १२ वॅट. परंतु ही कमाल मर्यादा होय, प्रत्यक्ष खर्च नव्हे. मापकावर पाहता पेटी सुमारे ६ आणि राउटर सुमारे ५, असे मिळून ११ वॅट लागत होते. रोज दुपारी तीन तास वीज जात असे. ११ गुणिले ३ म्हणजे ३३ वॅट-तास. रूपांतरात वाया जाणारी वीज धरून ४०. आणि वर्ष-दोन वर्षांत बॅटरीची धारणाशक्ती घटणार, हे लक्षात घेऊन ५० वॅट-तासांची बॅटरी ठरविण्यात आली.

येथे खरेदी करणाऱ्याची एक नेहमीची फसगत होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत १०,००० मिलिअँपिअर-तास असे लिहिलेले असते. हा आकडा आतील लिथियम घटांच्या ३.७ व्होल्ट दाबाचा असतो. १० गुणिले ३.७ म्हणजे अवघे ३७ वॅट-तास. म्हणून मिलिअँपिअर न पाहता वॅट-तास विचारावेत. विक्रेत्याला सांगता आले नाहीत, तर वरील गुणाकार दुकानातच करावा.

संगणकाचा नेहमीचा यू.पी.एस. या कामी का लावू नये, असे पुष्कळजण विचारतात. तो बॅटरीतील १२ व्होल्टचे २३० करतो आणि ॲडॉप्टर पुन्हा २३० चे १२ करतो. या द्राविडी प्राणायामात तो स्वतःच बरीच वीज खाऊन टाकतो. शिवाय काही यू.पी.एस. इतका हलका भार पाहून आपोआप बंद होतात. याउलट राउटरसाठी मिळणारा छोटा यू.पी.एस. ॲडॉप्टर व उपकरण यांच्या मध्ये बसतो आणि १२ व्होल्टच पुढे देतो. मात्र आपल्या राउटरच्या तळाशी ९ किंवा ५ व्होल्ट लिहिलेले असेल, तर त्यास १२ व्होल्टची जोडणी देता कामा नये. पिनचे मध्यटोक धन आहे की ऋण, याची आकृतीही तेथेच असते, ती यू.पी.एस.वरील आकृतीशी जुळली पाहिजे.

वर सांगितलेल्या कार्यालयात यू.पी.एस. बसला आणि पहिल्या दिवशी पुरे तीन तास चालला. दुसऱ्या दिवसापासून मात्र तो सव्वा तासातच मान टाकू लागला. बॅटरी सदोष आली, ती परत करावी, असे सर्वांचे मत पडले. दोष बॅटरीत नव्हता. यू.पी.एस.ला वीज पुरविण्यासाठी पेटीचाच जुना १ अँपिअरचा ॲडॉप्टर लावलेला होता. त्याची क्षमता १२ वॅट. त्यांपैकी ११ वॅट दोन उपकरणेच घेत. बॅटरी भरण्यास उरे जेमतेम १ वॅट. उरलेल्या एकवीस तासांत तिच्यात २१ वॅट-तास जात आणि त्यांतीलही काही भाग उष्णतेत जाई. यू.पी.एस.च्या माहितीपत्रकात परवानगी आहे हे पाहून १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा ॲडॉप्टर लावताच तक्रार मिटली. तहानलेल्या बॅटरीला नासकी ठरविण्याचा हा प्रकार वाटतो त्याहून सार्वत्रिक आहे.

विजेच्या दाबातील चढउतारांविषयीही एक गैरसमज आहे. दाब कमी झाला की राउटर जळतो, असे समजून स्टॅबिलायझर विकत घेतला जातो. ॲडॉप्टरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते. सायंकाळी दाब १७० पर्यंत उतरला तरी त्यास काही होत नाही. भय आहे ते दाब चढण्याचे. रोहित्राकडून येणारी न्यूट्रलची तार तुटली की एका फेजच्या घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या जवळपास दाब येऊ शकतो. काही दिवे एकाएकी प्रखर आणि काही मंद होणे, पंखा वेगाने फिरू लागणे, ही त्याची लक्षणे. अशा वेळी मुख्य स्विच तात्काळ बंद करावा आणि वायरमनला कळवावे.

साध्या स्पाइक गार्डने या संकटापासून रक्षण होत नाही. तो क्षणिक झटका गिळतो. टिकून राहिलेला चढा दाब त्याला स्वतःलाच जाळतो. यासाठी मर्यादेबाहेर दाब गेला की पुरवठा तोडणारे आणि दाब पूर्ववत झाल्यावर काही वेळ थांबून तो जोडणारे संरक्षक साधन मिळते. ते मुख्य फळ्यावर वायरमनकडून बसवून घ्यावे. या थांबण्याचा आणखी एक लाभ असा की, वीज परत येतानाचे पहिले हेलकावे उपकरणापर्यंत पोहोचतच नाहीत. स्पाइक गार्डचे काम अर्थिंगवरही अवलंबून असते. शाळांच्या व कार्यालयांच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घालण्याचे काम कोणाकडेही सोपविलेले नसते, आणि कोरडा खड्डा असून नसल्यासारखाच.

आकाशातील विजेच्या वेळी काचेच्या तंतूतून झटका येत नाही. तो येतो विजेच्या तारेतून आणि इमारती-इमारतींमध्ये ओढलेल्या तांब्याच्या नेटवर्क केबलमधून. कार्यालयातून शाळेपर्यंत अशी केबल टाकलेली असेल, तर गडगडाट सुरू होण्यापूर्वी ती व ॲडॉप्टर, दोन्ही काढून ठेवावीत. बॅटरीवर राउटर तेवढा वेळ खुशाल चालतो.

यू.पी.एस. पत्र्याच्या छपराखाली, कपाटावर ठेवू नये. उष्णतेने लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. ती फुगलेली दिसल्यास वापर त्याच क्षणी थांबवावा. महिन्यातून एकदा स्विच बंद करून इंटरनेट किती वेळ चालते ते नोंदवहीत लिहावे. वर सांगितलेल्या कार्यालयात ही वेळ प्रारंभी चार तासांच्या आसपास होती. ती दोन तासांवर आली की नवी बॅटरी मागवायची आणि जुनी ई-कचरा संकलन केंद्राकडे पाठवायची, असे तेथील ग्रामसेवकांनी वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवले आहे.