ग्रेड पेशींची, स्टेज पसाऱ्याची

पॅथॉलॉजीच्या उत्तरपत्रिकेत ग्रेड आणि स्टेज यांची सर्रास गल्लत होते. स्तनाच्या कर्करोगाची गाठ घ्या. सूक्ष्मदर्शकाखाली नलिकांची रचना, केंद्रकांचा बेढबपणा आणि पेशीविभाजन यांना प्रत्येकी १ ते ३ गुण मिळतात. समजा ३, २ आणि १ मिळाले. बेरीज ६, म्हणजे ग्रेड २. पेशी मूळ ऊतीपासून किती बिघडल्या, एवढंच यातून कळतं.

स्टेजसाठी पसारा मोजायचा. गाठ ३ सेंटीमीटर, काखेतल्या दोन लसीकाग्रंथी बाधित, दूर प्रसार नाही: टी२ एन१ एम०, शारीरिक वर्गीकरणात स्टेज २बी. उपचार ठरवताना सहसा स्टेजचं वजन जास्त, हे उत्तरात लिहाच.

सीए १५-३ हा मार्कर मात्र निदानासाठी नव्हे. सुरुवातीच्या रोगात तो बहुधा वाढलेला नसतो, यकृताच्या साध्या आजारातही वाढतो. त्याचा उपयोग पसरलेल्या रोगावरच्या उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी.