आईवडिलांच्या श्राद्धाची तिथी कशी काढावी

वार्षिक श्राद्ध इंग्रजी तारखेला नसते. ते मृत्यूचा चांद्र महिना, पक्ष आणि तिथी या तिन्ही जुळतात त्या दिवशी असते. मृत्यूच्या दाखल्यावरची तारीख फक्त शोधाची सुरुवात करून देते. खरी गरज असते ती मृत्यूच्या वेळेची. ती बहुधा दवाखान्याच्या कागदपत्रांत सापडते, नाहीतर घरातल्या कोणाला तरी आठवत असते.

तिथी सूर्योदयाला सुरू होऊन सूर्योदयाला संपत नाही. चंद्र सूर्याच्या पुढे दर 12 अंश सरकला की एक तिथी पूर्ण होते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने याला कधी 20 तास लागतात, तर कधी 26 तासांहून अधिक. म्हणून तिथी दुपारी, संध्याकाळी, मध्यरात्री, केव्हाही बदलते. दिनदर्शिकेच्या चौकोनात छापलेली तिथी ही त्या दिवशी सूर्योदयाला चालू असलेली तिथी असते. व्रते, सण यांच्यासाठी त्यांचे स्वतंत्र नियम आहेत. मृत्यूसाठी मात्र प्राण गेले त्या क्षणी चालू असलेली तिथीच धरतात, मग ती सूर्योदयाला असो वा नसो.

समजा, मुंबईत एखाद्याच्या वडिलांचे 18 सप्टेंबर 2023 रोजी रात्री आठ वाजता निधन झाले. त्या दिवशी हरितालिका होती आणि दिनदर्शिकेत भाद्रपद शुक्ल तृतीया छापलेली होती. पण तृतीया दुपारी 12 वाजून 39 मिनिटांच्या सुमारास संपून चतुर्थी लागली होती. म्हणून या वडिलांची तिथी भाद्रपद शुक्ल चतुर्थी. तेच निधन सकाळी दहाला झाले असते, तर तृतीया. छापील तिथीशेजारी तिची समाप्तीची वेळ दिलेली असते. ती न पाहता नुसता चौकोन वाचला, तर श्राद्ध वर्षानुवर्षे एक तिथी आधी होत राहते.

रात्रीच्या मृत्यूत आणखी एक घोटाळा होतो. इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, पंचांगाचा दिवस सूर्योदयाला. पहाटे दोनला निधन झाले असेल, तर दाखल्यावर 19 तारीख येते, पण पंचांगात 18 तारखेची ओळ पाहावी लागते. काही पंचांगांत मध्यरात्रीनंतरची वेळ 24च्या पुढे मोजतात. तिथे 26-10 याचा अर्थ उत्तररात्री 2 वाजून 10 मिनिटे. झोपेतच मृत्यू झाला आणि नेमकी वेळ कळली नाही, तर त्या रात्रीत तिथी बदलली होती का, एवढेच आधी तपासावे. बदलली नसेल, तर प्रश्न तिथेच मिटतो.

महिन्याचे नाव महाराष्ट्रात अमावास्येला संपणाऱ्या महिन्यावरून घेतात. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे शुक्ल पक्षात दोन्हीकडे एकच नाव असते, पण वद्य पक्षात उत्तरेतले नाव एक महिना पुढचे असते. आपला श्रावण वद्य तो तिकडचा भाद्रपद कृष्ण. काशीच्या किंवा इंदूरच्या मराठी घरात कोणी हिंदी पंचांगातून महिना लिहून ठेवला असेल, तर तो कोणत्या पद्धतीचा आहे हे विचारूनच पुढे जावे.

अधिक मासाने कोडे थोडे वाढते. ज्या महिन्यात मृत्यू झाला तोच महिना पुढच्या वर्षी अधिक आला, तर पहिले वर्षश्राद्ध त्या अधिक महिन्यात करतात. त्याहून जुन्या मृतांचे दरवर्षीचे श्राद्ध मात्र निज महिन्यात होते. उदाहरणार्थ, 2026 मध्ये ज्येष्ठ अधिक आहे. 2025च्या ज्येष्ठात गेलेल्यांचे वर्षश्राद्ध अधिक ज्येष्ठात, त्याआधी गेलेल्यांचे निज ज्येष्ठात. मृत्यूच अधिक महिन्यात झाला असेल, तर एरवी त्याच नावाच्या शुद्ध महिन्यात श्राद्ध करतात आणि तोच महिना पुन्हा अधिक येईल त्या वर्षी अधिकात.

तिथी ठरली, तरी यंदा ती कोणत्या दिवशी धरायची हा प्रश्न उरतोच, आणि बहुतेक गोंधळ इथेच होतो. धर्मसिंधूसारखे निर्णयग्रंथ प्रतिवार्षिक श्राद्धासाठी अपराह्णकाळी असलेली तिथी घ्यायला सांगतात. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या दिवसाचे पाच समान भाग केले, की चौथा भाग म्हणजे अपराह्ण. सहा ते सहा असा बारा तासांचा दिवस धरला, तर तो साधारण 1 वाजून 12 मिनिटे ते 3 वाजून 36 मिनिटे. एकाच दिवशी अपराह्णात तिथी असेल, तर तो दिवस. दोन्ही दिवशी असेल, तर जिथे ती अधिक वेळ आहे तो. दोन्ही दिवशी अपराह्णाला तिचा स्पर्शच नसेल, तर आधीचा.

वरच्या चतुर्थीचेच पाहू. 2024 मध्ये ती 6 सप्टेंबरला दुपारी 3 वाजून 1 मिनिटाने लागली आणि 7 तारखेला 5 वाजून 37 मिनिटांपर्यंत होती. मुंबईत तेव्हा अपराह्ण सुमारे 1.50 ते 4.18. सहा तारखेला तिने अपराह्णाचा उत्तरार्धच व्यापला, सात तारखेला संपूर्ण अपराह्ण. म्हणून श्राद्ध 7 सप्टेंबरला, म्हणजे गणेश चतुर्थीच्याच दिवशी. 2025 मध्ये चतुर्थी 26 ऑगस्टला दुपारी 1.54ला लागून 27 तारखेला 3.44ला संपली. अपराह्ण जवळपास 1.54 ते 4.24 असल्याने 26 तारखेला तो जणू पूर्ण व्यापला गेला, 27 तारखेला मात्र त्याचा शेवटचा भाग सुटला. श्राद्धाचा दिवस 26 ऑगस्ट. गणपती मध्याह्नाच्या चतुर्थीला बसतात, म्हणून ते 27 तारखेला आले. एकच तिथी, पण सण आणि श्राद्ध वेगळ्या दिवशी! चौकोनातली ‘चतुर्थी’ पाहून श्राद्ध ठरवणाऱ्यांची चूक होते ती नेमकी इथे.

परदेशात मृत्यू झाला, तर तिथला काळ भारतीय प्रमाणवेळेत बदलून घ्यावा, कारण तिथी बदलण्याचा क्षण जगभर एकच असतो. सप्टेंबरात न्यू जर्सीचे घड्याळ भारताच्या साडेनऊ तास मागे असते. तिथे 18 सप्टेंबर 2023 रोजी पहाटे साडेतीनला झालेला मृत्यू भारतात दुपारी एकचा ठरतो, म्हणजे चतुर्थीचाच. मात्र पुढे दरवर्षीचा अपराह्ण श्राद्ध करणाऱ्याच्या गावचा पाहतात. 2024ची ती चतुर्थी न्यू जर्सीत 6 सप्टेंबरच्या पहाटे लागून 7 तारखेला सकाळीच संपली. तिथल्या मुलाने 6 तारखेला आणि मुंबईतल्या भावाने 7 तारखेला श्राद्ध केले, तरी दोघांचेही बरोबरच.

काही घरांत मृत्यूची नोंदच नसते. महिना ठाऊक आहे, तिथी नाही, अशा वेळी त्या महिन्याच्या अमावास्येला श्राद्ध करण्याची सोय शास्त्राने दिली आहे. तिथी आठवते पण महिना नाही, तर त्या तिथीला मार्गशीर्षात किंवा माघात करतात. घर सोडून गेलेला माणूस परतलाच नाही आणि दोन्ही गोष्टी अज्ञात राहिल्या, तर तो ज्या दिवशी घरून निघाला तो महिना आणि ती तिथी धरतात. तीही ठाऊक नसेल, तर मृत्यूची बातमी कळली त्या दिवसाची.