टब जड की पाणी जड?

छोट्या फ्लॅटमध्ये बाथटब बसवायचा म्हटलं, की पहिली शंका येते ती स्लॅबची. दीड मीटर लांब, 70 सेंटिमीटर रुंद अ‍ॅक्रिलिक टबचं वजन साधारण 30 किलो, तेवढ्याच बिडाच्या टबचं सव्वाशेच्या आसपास. पाणी मात्र दोन्हींत सारखंच, समजा 180 लिटर, म्हणजे 180 किलो.

माणसाचं वजन वेगळं धरायचं का? काठोकाठ भरलेल्या टबात आपण उतरतो, तेव्हा जवळपास आपल्या वजनाइतकं पाणी बाहेर सांडतं. म्हणून एकूण भार फारसा वाढत नाही. अ‍ॅक्रिलिकचा हिशेब सुमारे 210 किलो, बिडाचा 300 च्या पुढे.

भारतीय मानकानुसार घरातली न्हाणीघरं चौरस मीटरला सुमारे 200 किलो वापरभार धरून आखतात. तीन चौरस मीटरच्या न्हाणीघरात हा आकडा 600 वर जातो. त्यामुळे धडधाकट स्लॅबवर अ‍ॅक्रिलिकची चिंता नसते. बिडाच्या टबाचा भार मात्र चार पायांवर एकवटतो.

खरी गोम वेगळीच. टबचा पाइप खालून न्यायला मिस्त्री फरशी दहा सेंटिमीटर उचलतो. तीन चौरस मीटरवर ही विटांच्या तुकड्यांची भर पाचशे किलोंच्या घरात जाते, आणि ती कायमची!

अ‍ॅक्रिलिक पातळ असतं. तळाला आधार नसेल तर पाय ठेवताच करकरतं, पुढे तडकतं. तरी छोट्या घरात तेच घ्यावं. बंद केलेल्या बाल्कनीत किंवा जुन्या, गळक्या स्लॅबवर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय कुठलाच टब बसवू नका.