नवरा उंचच का हवा? 'उत्क्रांती'चा दावा कितपत टिकतो

स्थळ बघताना बायोडेटात उंचीचा रकाना असतोच, आणि मुलगी मुलापेक्षा उंच निघाली की बोलणी बरेचदा तिथंच थांबतात. यामागचं नेहमीचं स्पष्टीकरण उत्क्रांतीचं आहे. धिप्पाड पुरुष भांडणात भारी पडायचा, शिकार आणायचा, उंची म्हणजे लहानपणी पोटभर खाल्ल्याची खूण, म्हणून बायकांना तो आवडू लागला, असं सांगतात. ऐकायला पटतं. पण पुरावा?

१९८० मध्ये गिलिस आणि एव्हिस या संशोधकांनी अमेरिकेतली ७२० जोडपी तपासली. बायको उंच असलेलं जोडपं फक्त १ निघालं. हा आकडा अजूनही सांगितला जातो, मात्र तो वाचताना एक गोष्ट सुटते. पुरुष मुळातच सरासरी १३-१४ सेंटीमीटरनं उंच असतात. डोळे झाकून चिठ्ठ्या टाकून लग्नं लावली तरी बहुतेक जोड्यांत नवराच उंच निघणार. म्हणून खरी तुलना चिठ्ठ्यांच्या निकालाशी करायला हवी.

गर्ट स्टल्प आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ब्रिटनच्या १२ हजारांवर जोडप्यांबाबत नेमकं हेच केलं. चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर १०० पैकी साधारण १० जोड्यांत बायको उंच किंवा बरोबरीची निघाली असती, प्रत्यक्षात साडेसात निघाल्या. म्हणजे आवड खरी आहे, पण लग्न जुळताना तिचा जोर कमी पडतो. शिक्षण, स्वभाव, घरदार, जवळ कोण भेटलं, यापुढे उंची मागं सरते. शिवाय यात पुरुषांचाही वाटा आहे. आपल्यापेक्षा बुटकी बायको हवी, असं त्यांनाही वाटतं. त्यामुळे हा सगळा आकडा बायकांच्या पसंतीच्या नावावर मांडता येत नाही.

उत्क्रांतीच्या दाव्याची खरी परीक्षा टांझानियात झाली. तिथले हाड्झा लोक आजही शिकार आणि कंदमुळांवर जगतात. ताकदीचा मुद्दा खरा असेल, तर तो इथं ठळक दिसायला हवा. रिबेका सिअर आणि फ्रँक मार्लो यांनी २००९ मध्ये २०७ लग्नं मोजली. १७ जोड्यांत बायको उंच होती, म्हणजे चिठ्ठ्यांनी आलं असतं तेवढंच! लहान वस्तीत कोण चांगला शिकारी हे सगळ्यांना ठाऊक असतं, उंचीवरून अंदाज कशाला बांधायचा, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

उंच पुरुषांना मुलं जास्त होतात का, याचंही उत्तर एकसारखं नाही. पोलंड आणि नेदरलँड्समध्ये 'हो' आलं, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये मध्यम उंचीचे पुरुष पुढे निघाले. माणसाच्या रक्तातच असलेली पसंती देशागणिक अशी बदलत असेल, तर तिथली रीत, खाणंपिणं आणि पैसा यांचाही हिशेब धरावाच लागतो.