दाब-तापमानाचा आलेख कसा वाचावा

पदार्थ स्थायू आहे, द्रव आहे की वायू, हे एकट्या तापमानावर ठरत नाही. दाबही पाहावा लागतो. दोन्हींचा मेळ दाखवणाऱ्या अवस्था-आलेखात आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर दाब असतो. तीन रेषांमुळे त्याचे तीन भाग पडतात : डावीकडे स्थायू, मधे वरच्या बाजूला द्रव आणि उजवीकडे खाली वायू. दिलेल्या दाब-तापमानाचा बिंदू ज्या भागात पडतो, ती त्या पदार्थाची अवस्था. बिंदू रेषेवर पडला, तर रेषेच्या दोन्ही बाजूंच्या अवस्था एकत्र राहू शकतात.

कार्बन डायऑक्साइडच्या आलेखात या तीन रेषा उणे ५६.६ अंश सेल्सिअस आणि ५.२ बार येथे मिळतात. हा त्याचा त्रिक बिंदू. त्याहून कमी दाबाला तो द्रवरूपात टिकत नाही. हवेचा दाब सुमारे १ बार असतो. त्या उंचीवर आडवी रेघ ओढली, तर ती द्रवाच्या भागाला शिवतच नाही, उणे ७८.५ अंशांजवळ स्थायूतून थेट वायूत जाते. म्हणूनच ड्राय आइस वितळत नाही, थेट वायू होऊन उडून जातो. पाण्याचा त्रिक बिंदू मात्र अवघ्या ०.००६ बारवर असल्यामुळे साध्या बर्फाचे आधी पाणी होते.

कार्बन डायऑक्साइडच्या अग्निशामक नळकांड्यात द्रव आणि त्यावर वायू असे दोन्ही असतात; म्हणजे बिंदू द्रव-वायू रेषेवर असतो. २० अंशांना ही रेषा सुमारे ५७ बारवर आहे, म्हणून आतला दाबही तेवढाच. थोडा साठा वापरला, की द्रवाचा काही भाग उकळून रिकामी जागा भरतो आणि तापमान पूर्ववत झाल्यावर दाब पुन्हा ५७ बारवर येतो. त्यामुळे किती साठा उरला हे दाबावरून कळत नाही. नळकांडे वजन करूनच पाहावे लागते. तोटी उघडल्यावर बाहेर पडणाऱ्या द्रवाचा दाब त्रिक बिंदूच्या खाली येतो. त्याचा काही भाग वायू होताना उष्णता शोषून घेतो आणि उरलेल्याचा पांढरा बर्फ होतो.

द्रव-वायू रेषा ३१ अंश आणि ७३.८ बारला संपते. हा क्रांतिक बिंदू. त्यापुढे द्रव आणि वायू यांच्यातला पृष्ठभागच नाहीसा होतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात ४० अंशांना तापलेल्या नळकांड्यात वेगळा द्रव उरत नाही. तेव्हा आतला दाब नळकांड्यात किती साठा भरला आहे यावर अवलंबून असतो. म्हणूनच असे नळकांडे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त भरत नाहीत.

हा आलेख शुद्ध पदार्थाचा असतो. ३० अंशांना, १ बार दाबाला पाणी द्रव असले, तरी ओले कपडे वाळतात. हवा अनेक वायूंचे मिश्रण आहे आणि बाष्पीभवनासाठी तिच्या एकूण दाबाऐवजी त्यातल्या वाफेचा दाब मोजावा लागतो. ३० अंशांना हा दाब ०.०४२ बारपेक्षा कमी असेल, तर पाण्याची वाफ होत राहते.